सहा स्वातंत्र्यमात्रांचा हिशेब : फिट जुळेपर्यंत वळवलेल्या एका मॉडेलचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीच्या पहिल्या शोधनिबंधाचे आहे. ओळख पटू नये म्हणून विषयाचे तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडेही त्या बदलाला साजेसे मांडले आहेत, परंतु घटनाक्रम आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत. निबंधावर परीक्षकांचे अभिप्राय आल्यानंतर तिने माझ्याकडे संख्याशास्त्रीय सल्ला मागितला आणि तेव्हापासून मी या कामात होतो.

अभ्यासात चार संकल्पना होत्या: कार्यभार, वरिष्ठांचा आधार, भावनिक थकवा आणि नोकरी सोडण्याचा इरादा. यांपैकी एकही गोष्ट थेट मोजता येत नाही. म्हणून प्रत्येकीसाठी प्रश्नावलीत काही विधाने होती: कार्यभारासाठी चार, आधारासाठी पाच, थकव्यासाठी सहा आणि इराद्यासाठी तीन, अशी एकूण अठरा. 312 कर्मचाऱ्यांनी पाच-बिंदू मापनश्रेणीवर उत्तरे दिली होती. स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंग, म्हणजे बोलण्यातले एसईएम, वापरून तिने दोन गोष्टी एकत्र तपासल्या होत्या: अठरा विधाने खरोखर या चार संकल्पनांभोवती गोळा होतात का, आणि कार्यभार व आधार यांचा इराद्यावरचा परिणाम थकव्याच्या वाटेने होतो का.

निबंधातला मुख्य निष्कर्ष असा होता की, कार्यभाराचा इराद्यावर थेट परिणाम होत नाही. जो काही होतो तो संपूर्णपणे थकव्यामार्फत होतो. शीर्षकातही ‘पूर्ण मध्यस्थी’ हे शब्द होते. मॉडेल आकडेवारीशी उत्तम जुळते, असे सांगताना मॉडेल आणि आकडेवारी यांतली तफावत मोजणारा काय-स्क्वेअर 226, स्वातंत्र्यमात्रा 123, आणि जुळणी, म्हणजे फिट, किती चांगला ते सांगणारे दोन निर्देशांक, सीएफआय 0.959 व आरएमएसईए 0.052, हे आकडे दिले होते. 1999 साली हू आणि बेंटलर यांनी सुचवलेल्या मर्यादा, म्हणजे सीएफआय 0.95च्या आसपास किंवा वर आणि आरएमएसईए 0.06च्या आसपास किंवा खाली, पूर्ण झाल्याचे एका वाक्यात नमूद केले होते.

अडचण कुठे दिसली

दुसऱ्या परीक्षकाचा अभिप्राय दोन ओळींचा होता. आकृतीत दाखवलेल्या मॉडेलच्या स्वातंत्र्यमात्रा 129 यायला हव्यात. निबंधात 123 आहेत. सहाचा फरक कशाचा, एवढेच त्यात विचारले होते.

हा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. अठरा विधानांच्या सहप्रचरण सारणीत 18 गुणिले 19 भागिले 2, म्हणजे 171 वेगवेगळ्या नोंदी असतात. मॉडेल अंदाज बांधते ते अठरा लोडिंगचे, म्हणजे प्रत्येक विधान आपल्या संकल्पनेशी किती घट्ट बांधलेले आहे त्या मापांचे, अठरा त्रुटी-प्रचरणांचे आणि चार संकल्पनांमधील सहा जोड्यांच्या नात्यांचे, म्हणजे 42 राशींचे. 171 वजा 42 म्हणजे 129 स्वातंत्र्यमात्रा. या अभ्यासात संकल्पनांच्या सहाही जोड्यांमध्ये काही ना काही नाते ठेवलेले होते, काही बाण म्हणून आणि एक साधा सहसंबंध म्हणून. त्यामुळे बाणांची दिशा काहीही असली तरी ही संख्या बदलत नाही. 123 हा आकडा आला असेल, तर कुठेतरी सहा राशी अधिक मोकळ्या सोडलेल्या असल्या पाहिजेत. आकडा सॉफ्टवेअरच्या निकालातून जसाच्या तसा उतरवला होता, आकृती मात्र मूळ संकल्पनेप्रमाणे काढली होती, आणि दोहोंतला विसंवाद तिच्या किंवा तिच्या मार्गदर्शकांच्या लक्षात आला नव्हता. परीक्षकांना एसईएमच्या निबंधात एकच गोष्ट तपासायला वेळ असेल, तर त्यांनी हीच बेरीज करावी असे मी सांगतो. मजकुरात न सांगितलेले बदल बहुतेक वेळा इथेच उघडे पडतात.

तिने संगणकावरचे फोल्डर उघडून दाखवले. `model`, `model_2`, `final`, `final2`, `final_fit` अशा नावांच्या अकरा फाइल्स होत्या. शेवटच्या फाइलमध्ये मूळ मॉडेलखाली या सहा ओळी वाढवलेल्या होत्या:

```
e1 ~~ e4
s3 ~~ s5
w2 ~~ t3
s1 ~~ e5
w1 ~~ w4
t1 ~~ e3
```

यात `w` म्हणजे कार्यभाराचे विधान, `s` आधाराचे, `e` थकव्याचे आणि `t` इराद्याचे. प्रत्येक ओळ दोन विधानांच्या त्रुटींना एकमेकींशी सहसंबंधित राहण्याची मुभा देते. म्हणजे त्या दोन विधानांत संकल्पनेने स्पष्ट होत नाही असे आणखी काही सामाईक आहे, असे मॉडेल मान्य करते.

या ओळी कशा आल्या, तेही तिने न लपवता सांगितले. मूळ मॉडेलचा काय-स्क्वेअर 354 होता, सीएफआय 0.910, तशाच प्रकारचा निर्देशांक टीएलआय 0.893 आणि आरएमएसईए 0.075. मर्यादांच्या तुलनेत हे आकडे कमी पडत होते. मग तिने मॉडिफिकेशन इंडेक्सची यादी काढली. एखादी बंद राशी मोकळी केली तर काय-स्क्वेअर अंदाजे किती उतरेल, ते ही यादी सांगते. यादीतली सर्वांत वरची राशी मोकळी करायची, मॉडेल पुन्हा चालवायचे, नवी यादी काढायची, पुन्हा वरची घ्यायची, असे तिने सहा वेळा केले. काय-स्क्वेअर अनुक्रमे 51, 38, 13, 10, 9 आणि 7 ने उतरला, एकूण 128. “सर, सगळे असेच करतात, आणि प्रत्येक बदल सिग्निफिकंट होता,” असे ती म्हणाली. दोन्ही गोष्टी खोट्या नव्हत्या, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

‘सिग्निफिकंट’ होता म्हणजे काय

एका स्वातंत्र्यमात्रेसाठी पाच टक्के पातळीवरचा काय-स्क्वेअरचा उंबरठा 3.84 आहे. परंतु हा उंबरठा आधीच ठरवलेल्या एका तपासणीसाठी असतो. इथे यादीत त्रुटींच्या 153 जोड्या होत्या आणि एखादे विधान परक्या संकल्पनेवरही चढवून पाहण्याच्या 54 शक्यता होत्या, म्हणजे 207 उमेदवार. मूळ मॉडेल तंतोतंत खरे असते, तरीही त्यांतले दहाएक उमेदवार केवळ नमुन्याच्या चढउतारामुळे 3.84च्या वर गेले असते. एवढ्यांतून दर वेळी सर्वांत मोठा निवडायचा आणि मग तो सिग्निफिकंट आहे म्हणून समाधान मानायचे, यात तपासणी उरत नाही. 1992 साली मॅककॅलम आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, अशा शोधातून झालेले बदल एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात टिकत नाहीत, आणि नमुना लहान असेल तर हा अस्थिरपणा अधिकच असतो.

पहिले दोन आकडे, 51 आणि 38, मात्र योगायोगाच्या मापाने फारच मोठे होते. उरलेले चार, 13 ते 7, हे 207 उमेदवारांमधून निवडल्यावर सहज हाती लागावेत अशा आकाराचे होते. ही दरी मला महत्त्वाची वाटली आणि पुढचे सगळे काम तिच्याभोवतीच फिरले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मार्गदर्शकांनी सुचवला: सहाही सहसंबंध आकृतीत दाखवायचे, एक वाक्य लिहायचे आणि निबंध परत पाठवायचा. यात लपवाछपवी संपली असती, पण 0.959 हा आकडा तसाच राहिला असता, आणि वाचकाने तो आधी मांडलेल्या मॉडेलच्या कसोटीचा निकाल म्हणून वाचला असता. प्रत्यक्षात तो शोधाचा शेवट होता.

दुसरा पर्याय कमकुवत विधाने काढून टाकण्याचा होता. `s3` आणि `e4` काढली तर फिट सुधारतो, हे तिने आधीच पाहून ठेवले होते. मी याला विरोध केला. विधाने काढल्याने मॉडेलची चूक दुरुस्त होत नाही. चूक ज्या नोंदींत दिसत होती, त्या नोंदीच नाहीशा होतात. शिवाय संकल्पना आखडते, आणि इतर अभ्यासांतल्या त्याच मापनश्रेणीशी तुलना करता येत नाही.

तिसरा पर्याय मूळ मॉडेल जसेच्या तसे ठेवून 0.910 हाच आकडा देण्याचा होता. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने तो सर्वांत स्वच्छ होता, आणि मी बराच वेळ त्याच बाजूचा होतो. पण 51 आणि 38 हे आकडे मॉडेलमध्ये खरोखर काहीतरी राहून गेल्याचे सांगत होते, आणि ते माहीत असूनही दुर्लक्ष करणे हाही एक दोषच ठरला असता.

चौथा पर्याय नमुना दोन भागांत तोडून एका भागावर शोध आणि दुसऱ्यावर पडताळणी करण्याचा. 156 जणांच्या भागावर 42 राशींचे मॉडेल चालते, पण डळमळीत चालते. त्याहून मोठी अडचण अशी की, सहा जोड्या संपूर्ण नमुना पाहून आधीच निवडल्या गेल्या होत्या. त्याच नमुन्याचा अर्धा भाग आता ‘न पाहिलेला’ म्हणता येत नव्हता.

विधानांकडे परत

निर्णय घेण्याआधी आम्ही यादी बाजूला ठेवून प्रश्नावली समोर घेतली आणि एकेक जोडी वाचली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी तास हाच होता.

`e1` असे होते: ‘दिवसाच्या शेवटी मी पूर्ण गळून गेलेलो असतो.’ `e4` असे: ‘काम संपल्यावर अंगात त्राण उरत नाही.’ ही एकच गोष्ट दोन शब्दांत विचारलेली आहे. थकव्याची उरलेली चार विधाने चिडचीड, सकाळी उठण्याचा कंटाळा अशा वेगळ्या अंगांची होती. ज्याने एकाला चार गुण दिले तो दुसऱ्यालाही चार देणार, मग त्याचा एकूण थकवा काहीही असो. `s3` आणि `s5` ही आधाराच्या श्रेणीतली दोनच उलट्या अर्थाची विधाने होती: ‘वरिष्ठ माझ्या अडचणींकडे दुर्लक्ष करतात’ आणि ‘वरिष्ठांपर्यंत पोहोचणे अवघड असते’. उलट्या विधानांना लोक एका विशिष्ट ढंगाने उत्तरे देतात, काही जण तर ती उलटी आहेत हे लक्षात न घेता खूण करतात, आणि त्यामुळे अशा विधानांच्या त्रुटी एकमेकींना चिकटतात. ही दोन्ही कारणे आकडे न पाहताही सांगता आली असती. प्रश्नावली तयार करतानाच सांगायला हवी होती.

`w2` आणि `t3` यांच्यासाठी असे काही सापडेना. एक विधान कामाच्या मुदतींबद्दल होते, दुसरे पुढच्या वर्षभरात दुसरीकडे अर्ज करण्याबद्दल. तिने काही स्पष्टीकरणे सुचवली आणि ती वाईटही नव्हती: मुदतीच्या ताणाने माणूस लगेच बाहेर बघू लागतो, वगैरे. मग मी तिला `w3` आणि `t2` यांच्या त्रुटींचे नाते समजावून सांगायला सांगितले, जी जोडी यादीत कुठेच नव्हती. तिने तेही तितक्याच सहजतेने समजावले आणि स्वतःच थांबली. नंतर सुचलेले कारण किती स्वस्त असते, हे त्या क्षणी मला वेगळे सांगावे लागले नाही. उरलेल्या तीन जोड्यांचीही हीच गत होती. `w1` आणि `w4` एकाच संकल्पनेतली होती, पण शब्दरचनेत विशेष साम्य नव्हते.

आता पेच उभा राहिला. केवळ पहिले दोन सहसंबंध ठेवले तर काय-स्क्वेअर 265, स्वातंत्र्यमात्रा 127, आरएमएसईए 0.059, पण सीएफआय 0.945. तिसरा, म्हणजे `w2` आणि `t3` यांचा, वाढवला की सीएफआय 0.9495 होतो आणि तीन दशांशांपर्यंत लिहिला की 0.950. मार्गदर्शकांनी हा आकडा पाहून विचारले की, एका सहसंबंधासाठी इतके ताणायचे कशाला. मोह खरा होता, आणि तो नेमका मर्यादेच्या रेषेने निर्माण केला होता. हू आणि बेंटलर यांच्या मर्यादा ज्या सिम्युलेशनमधून आल्या, त्यांत तीन संकल्पना, पंधरा विधाने आणि 0.7 ते 0.8 दरम्यानची लोडिंग होती. लोडिंग बदलले, विधानांची संख्या बदलली, की तितक्याच चुकीसाठी निर्देशांक वेगळे येतात. विधाने कच्ची असतील तर उलट फिट बरा दिसू शकतो, कारण जिथे मुळात सहसंबंधच क्षीण आहेत तिथे ते चुकायलाही फारशी जागा नसते. त्यामुळे 0.945 आणि 0.950 यांच्यात वैज्ञानिक फरक आहे असे म्हणायला मला कोणताही आधार दिसत नव्हता.

बाण आणि फिट

या टप्प्यावर निकाल पुन्हा पाहताना दोन गोष्टी समोर आल्या.

पहिली अशी की, ‘पूर्ण मध्यस्थी’ हा निष्कर्ष तिसऱ्या ओळीवर टेकलेला होता. मूळ मॉडेलमध्ये कार्यभाराकडून इराद्याकडे जाणाऱ्या थेट बाणाचा प्रमाणित अंदाज 0.14 होता आणि तो पाच टक्के पातळीवर शून्याहून वेगळा होता. सहा ओळींनंतर तो 0.10 झाला आणि वेगळा राहिला नाही. कारण सरळ आहे: कार्यभाराच्या एका विधानाचे इराद्याच्या एका विधानाशी असलेले नाते त्रुटींच्या वाटेने मोकळे केले, की बाणाने स्पष्ट करायचे थोडे नाते ती वाट गिळते. इराद्याची विधाने तीनच असल्याने हा घास लहान नव्हता. अर्थात 0.14 आणि 0.10 यांत फारसा फरक नाही, आणि एक ‘सिग्निफिकंट’ व दुसरा नाही म्हणून ते परस्परविरोधी ठरत नाहीत. पण शीर्षक मात्र नेमके त्याच फटीत उभे होते.

दुसरी गोष्ट मी तिला करून पाहायला सांगितली. दोन सहसंबंधांच्या मॉडेलमध्ये थकव्याकडून इराद्याकडे जाणारा बाण उलटा कर आणि चालव. काय-स्क्वेअर 265, स्वातंत्र्यमात्रा 127. एक दशांशही हलला नाही. तिने फाइल चुकली असावी म्हणून पुन्हा चालवून पाहिले. संकल्पनांच्या सर्व जोड्या जोडलेल्या असल्याने बाणांच्या भागात चुकायला जागाच उरलेली नव्हती. सगळा फिट विधाने आणि संकल्पना यांच्यातल्या मापनाबद्दल बोलत होता; नोकरी सोडायचे ठरल्यामुळे थकवा वाढतो की थकव्यामुळे सोडायचे ठरते, याबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता. निबंधात मात्र ‘उत्तम फिटमुळे प्रस्तावित कार्यकारण मार्गाला पुष्टी मिळते’ असे वाक्य होते.

केलेली कृती

विभागातल्या दुसऱ्या गटाने हीच प्रश्नावली वेगळ्या कामासाठी 287 जणांकडून भरून घेतली होती. ती माहिती मागवण्यापूर्वी तिने एका पानावर लिहून काढले की कोणती तीन मॉडेल कोणत्या क्रमाने चालवायची आणि कोणत्या निकालाचा काय अर्थ लावायचा. ते पान मार्गदर्शकांना ईमेलने पाठवले आणि मगच फाइल उघडली. पान लिहायला अर्धा दिवस गेला. तिला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत होता, हेही नमूद करतो.

नव्या नमुन्यात दोन सहसंबंधांच्या मॉडेलचा काय-स्क्वेअर 260 आला आणि सीएफआय 0.941. दोन्ही सहसंबंध पुन्हा ठळकपणे दिसले. त्यावर उरलेले चार चढवले तेव्हा काय-स्क्वेअर फक्त 6 ने उतरला, जेव्हा चार स्वातंत्र्यमात्रांचा उंबरठा 9.49 आहे. सीएफआय 0.942 झाला, आरएमएसईए जवळजवळ जागचा हलला नाही, आणि टीएलआय 0.929 वरून 0.928 वर आला. पहिल्या नमुन्यात जे चार बदल 39 गुणांचे होते, ते इथे सहाचे उरले. थेट बाणाचा अंदाज 0.13 होता.

परिणाम

सुधारित निबंधात तिन्ही मॉडेल एका सारणीत दिली: मूळ, दोन सहसंबंधांचे आणि सहांचे, दोन्ही नमुन्यांसाठी. मुख्य मॉडेल म्हणून दोन सहसंबंधांचे घेतले आणि ते पहिल्या नमुन्यात शोधातून आले, दुसऱ्यात पडताळले, असे स्पष्ट लिहिले. काय-स्क्वेअरची कसोटी हे मॉडेलही उत्तीर्ण होत नाही, ही गोष्ट नमुना मोठा असल्याच्या सबबीखाली न टाकता, कोणत्या विधानांमध्ये शेष सहसंबंध राहिले ते दाखवले. शीर्षकातून ‘पूर्ण’ हा शब्द गेला. कार्यकारणाचे वाक्यही गेले. दुसऱ्या परीक्षकाने सारणी ठेवावी असे सुचवले. पहिल्या परीक्षकाने सीएफआय 0.95च्या खाली का, असे विचारले, आणि त्याला उत्तर देण्यात एक पूर्ण पान गेले. संपादकांनी दुसऱ्या फेरीनंतर निबंध स्वीकारला.

वेगळे काय करता आले असते

`e1`-`e4` आणि `s3`-`s5` यांचे सहसंबंध माहिती गोळा करण्यापूर्वीच मॉडेलमध्ये लिहिता आले असते, किंवा त्याहून बरे म्हणजे `e4` चे विधान प्रश्नावली बांधतानाच बदलता आले असते. अकरा फाइल्सऐवजी एकच फाइल आणि तिच्यात प्रत्येक बदलाची तारीख व कारण असे ठेवले असते, तर परीक्षकाच्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देता आले असते. आम्हाला क्रम पुन्हा जुळवायला चार दिवस लागले.

माझ्या बाजूने एक चूक राहिली. दुसरा नमुनाही त्याच प्रश्नावलीचा आणि बऱ्याच अंशी तशाच कर्मचाऱ्यांचा होता, म्हणून उलट्या विधानांचा परिणाम तिथेही दिसणार हे जवळपास ठरलेले होते. ती पडताळणी चार सहसंबंधांना बाद करण्यापुरती भक्कम होती. दोन सहसंबंधांचा अर्थ आम्ही लावला तोच आहे, हे मात्र तिने सिद्ध झाले नाही. त्यासाठी `s3` आणि `s5` सरळ अर्थाने लिहून अर्ध्या लोकांना ती प्रत द्यायला हवी. तशी प्रत आता तिच्या पुढच्या अभ्यासात आहे.